तारखेवर बोट ठेव

दाजींच्या क्लेमबद्दल तू लिहिलेला मसुदा वाचला. दोन पानं झाली आहेत. त्यात दाजींच्या पोटातली कळ आहे, तुझ्या आईची धावपळ आहे, हप्ते कसे वेळच्या वेळी भरले ते आहे आणि शेवटी ‘कृपया ताबडतोब लक्ष घालावे’ अशी विनंती आहे. सगळं खरं आहे, पण हे पत्र पाठवू नकोस. मी इतकी वर्षं क्लेमच्या टेबलावर काढली, असं पत्र आलं की त्याचं काय होतं ते मला माहीत आहे. समोरचा माणूस क्लेम नंबर शोधतो, संगणकावर स्थिती बघतो आणि ‘आपला दावा प्रक्रियेत आहे’ हे तयार उत्तर पाठवून पत्र निकाली काढतो. त्याचं चुकतं असंही नाही. तू त्याला काहीच विचारलेलं नाहीस. लक्ष घाला म्हणालास, त्याने घातलं.

स्मरणपत्राचा सगळा जोर एका तारखेवर असतो: शेवटचा आवश्यक कागद कंपनीच्या हातात कधी पडला. आरोग्य विम्याच्या पुस्तिकेत ‘क्लेम सेटलमेंट’ नावाचं कलम असतं. शेवटचा आवश्यक कागद मिळाल्यापासून इतक्या दिवसांत कंपनी क्लेम मंजूर तरी करील किंवा नाकारील, आणि उशीर झाला तर बँक रेटपेक्षा दोन टक्के जास्त दराने व्याज देईल, असं त्यात छापलेलं असतं. दाजींच्या पुस्तिकेत हे दिवस ३० आहेत, तपास लावावा लागला तर ४५. आयआरडीएआयने २०२४ साली ही मुदत आणखी आवळली आणि हॉस्पिटलचं बिल आपण आधी भरून नंतर मागतो त्या क्लेमसाठी १५ दिवस केले. त्याचा उल्लेख पत्रात एका ओळीत कर, पण पाय रोव तो पुस्तिकेतल्या ३० दिवसांवर. नियामकाच्या परिपत्रकावर वाद घालता येतो, ते कुठल्या पॉलिसीला कधीपासून लागू असा फाटा फोडता येतो. त्यांनी स्वतः छापून दिलेल्या कलमावर वाद घालायला जागा राहत नाही.

म्हणजे आधी ती तारीख पक्की करायची. दाजींच्या फाईलमधून मी क्रम लावला तो असा. मिरजेच्या हॉस्पिटलमधून १२ जूनला घरी सोडलं. हॉस्पिटल कंपनीच्या यादीत नव्हतं म्हणून बिल दाजींनीच भरलं, १,४२,६०० रुपये. २० जूनला सांगलीच्या शाखेत क्लेम फॉर्म आणि सगळे कागद दिले. तू त्या वेळी कागदांची क्रमवार यादी करून तिच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतलास, हे फार चांगलं केलंस. त्याचा उपयोग पुढे दिसेल. ४ जुलैला टीपीएचं पत्र आलं, त्यात तीन कागद मागितले: इनडोअर केस पेपर, पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले तेव्हाची चिठ्ठी आणि दुखणं कधीपासून आहे याबद्दल डॉक्टरांचं पत्र. ते तिन्ही तू १२ तारखेला स्पीड पोस्टाने पाठवलेस आणि १४ जुलैला ते टीपीएच्या पुण्याच्या ऑफिसात पोचले. तिथून ३० दिवस मोजले की १३ ऑगस्ट येतो. आज २५ ऑगस्ट. मुदत टळून बारा दिवस झाले.

इथेच एक गोम आहे. १८ ऑगस्टला म्हणे आणखी एक मेसेज आला, सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठवा. तो तुमच्यापर्यंत पोचला तो एजंटने फॉरवर्ड केला म्हणून, कारण पॉलिसीवर मोबाईल नंबर एजंटचा आहे. हे मी शेकडो फायलींत पाहिलं आहे. पॉलिसी काढताना घाईत एजंट स्वतःचा नंबर टाकतो, तोही बहुतेक वेळा वाईट हेतूने नाही, हप्त्याची आठवण आपल्याला यावी म्हणून. पण मग कंपनीची प्रत्येक विचारणा त्याच्या फोनवर पडते. तो लग्नाकार्यात असला की विचारणा तशीच पडून राहते आणि कंपनीच्या संगणकावर ‘ग्राहकाकडून उत्तर नाही’ अशी नोंद होते. अशा दोन-तीन नोंदी झाल्या की ‘कागदपत्रांअभावी बंद’ असा शेरा मारून फाईल मिटवता येते. म्हणून पत्र लिहायच्या आधी शाखेत जाऊन दाजींचा स्वतःचा नंबर आणि ईमेल पॉलिसीवर चढवून घे, आणि बदल झाल्याचा कागद घे.

आता त्या सोनोग्राफीच्या मेसेजकडे ये. तू मला म्हणालास की ‘मामा, रिपोर्ट पुन्हा पाठवून टाकतो आणि विषय संपवतो’. पाठव, जरूर पाठव, अडून बसू नकोस. पण नुसता पाठवलास तर काय होईल ते बघ. ज्या दिवशी तो पोचेल त्या दिवसाला कंपनी ‘शेवटचा आवश्यक कागद मिळाल्याची तारीख’ म्हणेल, घड्याळ शून्यावर येईल आणि पुन्हा ३० दिवस. मुदत संपताना एकेक कागद मागत राहिलं की क्लेम कधीच उशिराचा ठरत नाही. कधी हे मुद्दाम होतं, कधी तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेळा फाईल उघडलेली असते. आपल्याला कारणाशी घेणं नाही. आपण तुझी ती शिक्क्याची यादी काढायची. तिच्यात नवव्या क्रमांकावर काय लिहिलं आहे? ‘सोनोग्राफी रिपोर्ट, मूळ प्रत’. म्हणजे तो २० जूनपासून त्यांच्याकडे आहे. झेरॉक्स पाठव आणि सोबत स्पष्ट लिही की हा कागद नवा नाही, आधी दिलेल्याचीच प्रत सोयीसाठी पुन्हा देत आहोत, त्यामुळे १४ जुलै ही तारीख बदलत नाही. पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच.

मागितलेला कागद खरंच आपण दिलेला नसेल तर मात्र भांडू नये. तेव्हा तो पाठवून नवी तारीख मान्य करावी आणि यापुढे आणखी काही लागणार असेल तर सगळं एकदाच लेखी कळवा असं मागावं. आणि कागद अस्तित्वातच नसेल, समजा पहिल्या डॉक्टरांनी चिठ्ठी न देता तोंडीच हॉस्पिटलला जा म्हटलं असेल, तर ‘असा कागद नाही’ हे लिहून द्यावं. जमलं तर त्या डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र जोडावं. गप्प बसलं की ते उत्तर न दिल्यात जमा होतं.

दुसरी गोष्ट विषयाच्या ओळीची. तू लिहिलं आहेस ‘क्लेमबाबत विनंती’. तो शब्द काढ आणि ‘तक्रार’ लिही. आपल्याकडे तक्रार म्हटलं की भांडकुदळपणा वाटतो, दाजींनाही तो शब्द रुचणार नाही. पण कंपनीच्या दप्तरात चौकशी आणि विनंती एका खात्यात जातात, तक्रार दुसऱ्यात. तक्रारीला नंबर पडतो, ती दोन आठवड्यांत निकाली काढावी लागते आणि तिचा हिशेब नियामकाकडे जातो. शिवाय पुढे विमा लोकपालांकडे जायची वेळ आली तर ते आधी हेच विचारतात की तुम्ही कंपनीकडे लेखी तक्रार केली होती का आणि केव्हा. विनंतीच्या पत्रांची चळत दाखवून तिथे भागत नाही.

पत्र टीपीएला नको, कंपनीला. टीपीए कागद गोळा करतं, छाननी करतं, पण द्यायचं की नाही हे ठरवते कंपनी आणि पैसेही तीच देते. पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत ‘ग्रिव्हन्स रिड्रेसल ऑफिसर’चा पत्ता आणि ईमेल असतो, पत्र त्यांच्या नावे. प्रत सांगलीच्या शाखाधिकाऱ्याला आणि टीपीएला. सही दाजींची. पॉलिसी त्यांच्या नावाची आहे, तुझ्या ईमेलवरून आणि तुझ्या सहीने गेलेल्या पत्राला ‘आपण पॉलिसीधारक नाही’ एवढं उत्तर देऊन मोकळं होता येतं. लिहून तूच दे, पण जाऊ दे त्यांच्याकडून.

मराठीत लिहायला हरकत नाही, पण क्लेमची कामं आता बहुतेक कुठल्यातरी दूरच्या शहरात एका मोठ्या ऑफिसात चालतात. वाचणाऱ्याला मराठी येईलच असं नाही. तेव्हा साध्या इंग्रजीत कर. मजकूर मी मराठीत देतो, एवढाच पुरे:

‘विषय: तक्रार. क्लेम क्रमांक अमुक, पॉलिसी क्रमांक तमुक. मुदत उलटूनही निर्णय नाही.

महोदय,

माझे पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन झाले. १२ जून २०२५ रोजी मला घरी सोडले. रु. १,४२,६०० चा क्लेम मी २० जून रोजी आपल्या सांगली शाखेत दाखल केला. शिक्क्यासह कागदांची यादी जोडली आहे.

टीपीएने ४ जुलैच्या पत्राने मागितलेले तीन कागद त्यांना १४ जुलै रोजी मिळाले. पोस्टाचा दाखला जोडला आहे. आपल्या पुस्तिकेतील क्लेम सेटलमेंटच्या कलमाप्रमाणे ३० दिवसांची मुदत १३ ऑगस्ट रोजी संपली. आयआरडीएआयच्या २०२४ च्या निर्देशांतील मुदत याहूनही कमी आहे. तपास सुरू असल्याचे मला कधीही कळवलेले नाही.

१८ ऑगस्टच्या मेसेजने मागितलेला सोनोग्राफी रिपोर्ट २० जूनच्या यादीत क्रमांक ९ वर आहे. त्याची प्रत सोयीसाठी पुन्हा जोडत आहे. हा नवा कागद नाही, त्यामुळे शेवटचा आवश्यक कागद मिळाल्याची तारीख १४ जुलै हीच राहते.

कृपया लेखी कळवावे: क्लेम मंजूर आहे की नामंजूर, नामंजूर असल्यास पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, प्रलंबित असल्यास नेमका कोणता कागद बाकी आहे, आणि तो कधी व कोणत्या पत्राने मागितला होता.

मंजूर रकमेवर १४ जुलैपासून पैसे जमा होईपर्यंतचे व्याज त्याच कलमाप्रमाणे द्यावे. पॉलिसी २०१६ पासून खंड न पडता चालू आहे. या तक्रारीचा नोंदणी क्रमांक कळवावा.’

खाली सही, तारीख, मोबाईल, जोडलेल्या कागदांची यादी. बस. यात ना राग आहे, ना धमकी. ‘कोर्टात खेचीन’, ‘पेपरात देईन’ असली वाक्यं घालू नकोस, ती वाचून टेबलावरचा माणूस फाईल कायदा विभागाकडे सरकवतो आणि तिथे ती निवांत पडते. वरच्या प्रश्नांना मात्र ‘प्रक्रियेत आहे’ हे उत्तर बसत नाही. काहीतरी ठरवावं लागतं. २०१६ ची ओळ का घातली ते सांगतो. पित्ताशयाच्या खड्यांसारख्या दुखण्यांना बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीची काही वर्षं संरक्षण नसतं. ‘दुखणं कधीपासून’ हे पत्र त्यांनी त्यासाठीच मागवलं होतं. सलग नऊ वर्षांच्या पॉलिसीत तो मुद्दा उरत नाही. पाच वर्षं सलग झाली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय जुनं दुखणं लपवलंत म्हणून क्लेम नाकारता येत नाही. हे सगळं पत्रात सांगत बसायचं नाही, सन दिलं की जाणकाराला कळतं.

व्याजाचं तुला अवघड वाटलं म्हणून हिशेब करून देतो. ज्या आर्थिक वर्षात क्लेम देय होतो त्या वर्षाच्या सुरुवातीचा रिझर्व्ह बँकेचा बँक रेट धरायचा. १ एप्रिल २०२५ ला तो साडेसहा टक्के होता, नंतर उतरला, पण आपल्याला सुरुवातीचाच लागू. त्यात दोन मिळवले की साडेआठ. १,४२,६०० वर साडेआठ टक्क्यांनी वर्षाचे १२,१२१ रुपये, म्हणजे दिवसाला ३३ रुपये आणि वर थोडे पैसे. १४ जुलै ते २५ ऑगस्ट ४२ दिवस, सुमारे १,३९५ रुपये झाले. व्याज कुठल्या तारखेपासून ते प्रत्येकाने आपल्या पुस्तिकेत बघावं, काही नव्या पुस्तिकांत ते क्लेमची सूचना दिल्यापासून मोजतात. रक्कम फार नाही, दाजी म्हणतील कशाला मागायचं. मागायचं ते चौदाशे रुपयांसाठी नव्हे. व्याज द्यायचं म्हटलं की उशीर का झाला आणि कोणाकडे झाला हे फाईलवर लिहावं लागतं, ते कोणालाच नको असतं. नियमाप्रमाणे कंपनीने हे व्याज न मागता द्यायचं असतं. न मागता ते क्वचितच मिळतं.

एक गोष्ट पत्राच्या आधी तपासून घे, नाहीतर हसू होईल. क्लेम मंजूर होऊन पैसे निघालेले असतात आणि खात्याचा तपशील चुकल्याने परत गेलेले असतात, असंही होतं. बँकांचं विलीनीकरण झालं तेव्हा कितीतरी शाखांचे आयएफएससी बदलले, आणि लोक घरात पडलेल्या जुन्या चेकबुकातला चेक रद्द करून जोडतात. दाजींनी जोडलेल्या चेकवर त्यांचं नाव छापलेलं आहे का, कोड आजचा आहे का, बघ. चुकला असेल तर पत्रासोबत नवा रद्द केलेला चेक दे. तेवढ्याने १४ जुलैची तारीख हलत नाही, कारण बँकेचा तपशील पैसे पाठवण्यासाठी लागतो, क्लेम मंजूर करायचा की नाही हे ठरवण्यासाठी नाही.

पाठवायचं दोन वाटांनी. दाजींच्या नोंदवलेल्या ईमेलवरून, आणि स्पीड पोस्टाने. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन होतंय, तेव्हा त्याच्या शोधात वेळ घालवू नकोस. पोस्टाच्या साईटवर ‘डिलिव्हर्ड’ दिसलं की त्या पानाची छापील प्रत त्याच दिवशी काढ. ती माहिती तिथे कायम राहत नाही, आणि पोस्टाच्या पावतीवरची शाईही वर्षभरात उडते. फोनवर कोणी काही सांगितलं तर त्याला धन्यवाद दे आणि तेच ईमेलवर लिहून पाठवायला सांग. नाही पाठवलं तर तूच लिही: आज अमुक वाजता आपल्याकडून असं सांगण्यात आलं.

मधेच त्यांनी कमी रक्कम देऊ केली, समजा एक लाख दहा हजार, तर घ्यावी. पण ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेल्या व्हाऊचरवर डोळे मिटून सही करायची नाही. आधी कपातीचा तपशील मागायचा, आणि सही करावीच लागली तर ‘हक्क राखून, आक्षेपासह’ असं हाताने लिहून करायची.

हे पत्र आज गेलं की ८ सप्टेंबरला दोन आठवडे होतील. तोवर उत्तर नाही आलं किंवा गोलमोल आलं तर bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार नोंदव. टाईप करायचा कंटाळा असेल तर १५५२५५ वर फोन करूनही होते. तिथे नियामक निवाडा देत नाही, तो तक्रार कंपनीकडेच पाठवतो, पण ती त्याच्या नजरेखाली राहते. आपली पत्रं तिथे जोडताना नवी गोष्ट सांगायची नाही, याच पत्राची प्रत आणि त्यापुढची तारीख, एवढंच.

तक्रारीला महिना उलटून गेला की विमा लोकपालांचं दार उघडं होतं. कंपनीने नाकारलं किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही तर महिनाभर थांबायचीही गरज नाही. मात्र वर्षाच्या आत जायला हवं. फी नाही, वकील चालत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीला बंधनकारक असतो, आपल्याला नाही. पटला नाही तर ग्राहक आयोग उरतोच. उलट आधी ग्राहक आयोगात अर्ज केला तर लोकपाल तोच विषय घेत नाहीत. म्हणून ती घाई कोणाच्या सांगण्यावरून करू नकोस, आपल्या गावात सल्ला देणारे वकील पुष्कळ आहेत.

दाजींना म्हणावं, पहिलं पान वाचून सही करा, जोडलेल्या कागदांवरही करा. आज संध्याकाळी ईमेल, उद्या सकाळी पोस्ट. तक्रार क्रमांक आला की मला कळव.